आरोग्य विम्याचं कोटेशन तपासताना: लोडिंग, सवलत आणि जीएसटी नेमके कशावर लावले आहेत?

समजा, तुमच्या व्यापारी संघटनेने सभासदांसाठी आरोग्य विम्याची गट योजना घेतली आहे आणि तुमच्या चौघांच्या कुटुंबासाठी हे कोटेशन आलं आहे:

मूळ हप्ता: २८,००० रुपये
कुटुंब सवलत १० टक्के: वजा २,८०० रुपये
वयाचं लोडिंग: अधिक १०,००० रुपये
जीएसटी १८ टक्के: अधिक ६,८४० रुपये
एकूण: ४२,०४० रुपये

लोडिंग म्हणजे वयामुळे किंवा आजारामुळे जोखीम जास्त म्हणून मूळ दरावर चढवलेली जादा रक्कम. कॅल्क्युलेटरवर बेरीज-वजाबाकी करून पाहिली तर ताळा बसतो. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि पैसे भरतात. पण याच योजनेच्या नियमांनुसार या कुटुंबाचा हप्ता ४०,३५६ रुपये होतो, म्हणजे कोटेशनमध्ये १,६८४ रुपये जादा लागले आहेत. चूक बेरजेत नाही. कोणती टक्केवारी कोणत्या रकमेवर लावली, तिथे ती आहे. ती कशी पकडायची आणि दुरुस्त कशी करून घ्यायची, ते या लेखात याच उदाहरणावरून पाहू. आकडे आणि योजनेचे नियम समजावण्यासाठी घेतलेले आहेत, तपासण्याची पद्धत मात्र कुठल्याही कोटेशनला लागू पडते.

आधी पाहायचं: कर लागतो तरी का?

जीएसटी परिषदेच्या ३ सप्टेंबर २०२५ च्या ५६व्या बैठकीत वैयक्तिक आरोग्य विमा करमुक्त करण्याचा निर्णय झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो लागू झाला. त्याआधी १८ टक्के कर होता. तुम्ही स्वतः कंपनीकडून किंवा एजंटामार्फत घेतलेली पॉलिसी एकट्याची असो, कुटुंबाची फ्लोटर असो की ज्येष्ठ नागरिकांची, तिच्या हप्त्यावर आता जीएसटी शून्य आहे. अशा नव्या कोटेशनवर १८ टक्क्यांची ओळ दिसली, तर क्रम तपासायची गरजच नाही. ती ओळ काढून नवं कोटेशन मागायचं. एजंटांच्या जुन्या एक्सेल पत्रकांमध्ये ही ओळ राहून गेलेली असू शकते.

गट विम्याला ही सूट नाही. कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी किंवा संघटनेने सभासदांसाठी घेतलेल्या पॉलिसीवर १८ टक्के कर पूर्वीसारखाच आहे. म्हणून आपलं उदाहरण गट योजनेचं घेतलं आहे. लोडिंग, सवलत आणि कर तिन्ही एकत्र येतात ते तिथेच.

नियम कुठे लिहिलेले असतात

कोटेशन हा नियम नसतो, तो नियमावरून काढलेला हिशोब असतो. त्यामुळे मूळ नियम हातात आल्याशिवाय कोटेशन चूक की बरोबर हे कुणालाच सांगता येत नाही. गट योजनेत हे नियम मुख्य पॉलिसीला जोडलेल्या दरपत्रकात असतात. मुख्य पॉलिसी संघटनेकडे असते, ती किंवा तिच्यातलं दरपत्रक मागून घ्या. स्वतःची पॉलिसी असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या योजनेचं माहितीपत्रक मिळतं. त्यावरचा यूआयएन, म्हणजे त्या योजनेचा ओळख क्रमांक, तुमच्या कोटेशनवरच्या यूआयएनशी जुळवून पाहा, कारण एकाच नावाच्या योजनेच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांचे दर वेगळे असतात.

दरपत्रकात तीन गोष्टी शोधायच्या. लोडिंग प्रत्येक सभासदाच्या स्वतःच्या दरावर आहे की कुटुंबाच्या एकूण हप्त्यावर? सवलत मूळ हप्त्यावर आहे की लोडिंगसह एकूण हप्त्यावर? आणि सवलतीला रुपयांत किंवा टक्क्यांत कमाल मर्यादा आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळीकडे सारखं नसतं. काही योजनांत सवलत मूळ दरावरच असते, आणि तसं लिहिलेलं असेल तर त्यावर हरकत घेता येणार नाही. आपल्या उदाहरणातल्या योजनेत मात्र असं लिहिलं आहे असं धरू: ‘वयाचं लोडिंग संबंधित सभासदाच्या मूळ दरावर लागेल. तीन किंवा अधिक सभासद असल्यास लोडिंगसह एकूण हप्त्यावर १० टक्के कुटुंब सवलत मिळेल. जीएसटी निव्वळ हप्त्यावर लागेल.’ पाच लाखांच्या विमा रकमेसाठी प्रौढाचा मूळ दर ८,००० रुपये आणि मुलाचा ४,०००. लोडिंग ४६ ते ५५ वयाला २५ टक्के, ५६ ते ६५ ला ६० टक्के आणि ६६ पासून पुढे १०० टक्के.

माणसागणिक हिशोब मांडा

कुटुंबात नवरा ४७ वर्षांचा, बायको ४३, मुलगी १७ आणि आजी ६८ वर्षांच्या आहेत. कोटेशनवरच्या एकत्रित आकड्यांना हात न लावता, दरपत्रक समोर ठेवून प्रत्येकाची वेगळी ओळ करायची:

| सभासद | मूळ दर | लोडिंग | लोडिंगसह |
|---|---|---|---|
| नवरा, ४७ | ८,००० | २५% = २,००० | १०,००० |
| बायको, ४३ | ८,००० | नाही | ८,००० |
| मुलगी, १७ | ४,००० | नाही | ४,००० |
| आजी, ६८ | ८,००० | १००% = ८,००० | १६,००० |
| एकूण | २८,००० | १०,००० | ३८,००० |

आता ३८,००० वर १० टक्के सवलत म्हणजे ३,८००, निव्वळ हप्ता ३४,२००. त्यावर १८ टक्के जीएसटी ६,१५६. भरायची रक्कम ४०,३५६.

घरी संगणकावर करायचं असेल तर पहिली ओळ शीर्षकांची ठेवा. A मध्ये नाव, B मध्ये वय, C मध्ये मूळ दर, D मध्ये लोडिंगची टक्केवारी आणि चार माणसं २ ते ५ या ओळींत:

```
E2:  =C2*D2
F2:  =C2+E2
F6:  =SUM(F2:F5)
F7:  =ROUND(F6*10%,0)
F8:  =F6-F7
F9:  =ROUND(F8*18%,0)
F10: =F8+F9
```

E2 आणि F2 पाचव्या ओळीपर्यंत खाली ओढायचे. F10 मध्ये 40356 यायला हवं.

या टप्प्यावर वयं नीट पाहून घ्या. वय बहुधा पॉलिसी सुरू होण्याच्या तारखेला पूर्ण झालेल्या वर्षांत मोजतात, पण दरपत्रकात काय लिहिलं आहे ते वाचा. आजींना ६६ वर्षं पूर्ण व्हायला पॉलिसी सुरू होताना एक महिना बाकी असता, तर लोडिंग १०० ऐवजी ६० टक्के लागलं असतं आणि भरायची रक्कम सुमारे ३,३९८ रुपयांनी कमी झाली असती. क्रमाच्या चुकीपेक्षा ही चूक महाग पडते.

क्रम बदलला म्हणून रक्कम बदलतेच असं नाही

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, नाहीतर तुम्ही चुकीचा मुद्दा घेऊन भांडाल. समजा कोटेशनवर आधी कर आणि मग सवलत दाखवली आहे. ३८,००० वर १८ टक्के म्हणजे ६,८४०, बेरीज ४४,८४०. त्यावर १० टक्के सवलत ४,४८४, उरले ४०,३५६. अगदी तेवढेच!

कारण सरळ आहे. ०.९० ने गुणून मग १.१८ ने गुणलं काय किंवा उलट केलं काय, गुणाकार तोच राहतो. सगळ्या टक्केवाऱ्या मागच्या ओळीच्या पूर्ण रकमेवर एकामागून एक लागत असतील, तर क्रमाने अंतिम रक्कम बदलत नाही. कराच्या ओळीत ६,१५६ ऐवजी ६,८४० छापले गेले ही पावतीतली चूक आहे आणि ती दुरुस्त करून घ्यावी, पण खिशातून जादा पैसे गेलेले नसतात.

पैसे जातात ते तीन प्रकारांत: टक्केवारी मागच्या पूर्ण रकमेऐवजी तिच्या एका तुकड्यावर लागते तेव्हा, एकाचं लोडिंग सगळ्यांवर चढतं तेव्हा, आणि मध्ये टक्क्यांऐवजी रुपयांतली ठरीव रक्कम येते तेव्हा.

प्रत्येक आकड्याला भागून पाहा

कोटेशन देणारा माणूस किंवा सॉफ्टवेअर आपण काय केलं ते सांगत नाही, पण आकडे सांगतात. कोटेशनवरची प्रत्येक रुपयांतली रक्कम घ्या, तिला शक्य त्या प्रत्येक पायाभूत रकमेने भागा आणि कुठे नेमकी टक्केवारी येते ते पाहा.

सवलत २,८०० आहे. लोडिंगसह हप्त्याने, ३८,००० ने भागलं तर ७.३७ टक्के येतात. मूळ हप्त्याने, २८,००० ने भागलं तर नेमके १० टक्के. म्हणजे सवलत मूळ हप्त्यावर दिली आहे. लोडिंगच्या १०,००० वर सवलत मिळालेली नाही, आणि १,००० रुपये इथे गेले.

जीएसटी ६,८४० आहे. कर सोडून बाकीचा हप्ता ४२,०४० वजा ६,८४०, म्हणजे ३५,२००. त्याने भागलं तर १९.४३ टक्के येतात. देशात असा दर नाही. ३८,००० ने भागलं तर बरोबर १८ टक्के. म्हणजे कर सवलत वजा करण्याआधीच्या रकमेवर काढला आहे. योग्य कर ६,१५६ होता, फरक ६८४ रुपये.

१,००० आणि ६८४ मिळून १,६८४. जादा लागलेल्या रकमेचा पूर्ण हिशोब लागला. फरकाचा असा पै-पैचा हिशोब लागेपर्यंत थांबू नका. अर्धा फरक सापडला आणि अर्धा नाही, तर तुमच्याच मांडणीत वय, विमा रक्कम किंवा दराचा टप्पा चुकलेला असण्याची शक्यता मोठी. एक-दोन रुपयांचा फरक मात्र पूर्णांक करण्यातून येतो. जीएसटी राज्यांतर्गत असेल तर तो केंद्र ९ आणि राज्य ९ असा दोन ओळींत छापला जातो आणि दोन्ही ओळी वेगवेगळ्या पूर्णांकात येतात. तेवढ्यासाठी पत्र लिहू नका.

दोन चुकांपैकी कराची चूक सिद्ध करायला सोपी आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १५ नुसार सेवा देताना किंवा त्याआधी दिलेली आणि बीजकावर दाखवलेली सवलत करपात्र मूल्यातून वगळावीच लागते. योजनेचे नियम काहीही असोत, कोटेशनवर दिलेल्या सवलतीवर कर लावता येत नाही. सवलतीची चूक मात्र दरपत्रकातल्या शब्दांवरच उभी राहते, म्हणून तो उतारा जवळ हवा.

हीच चूक आणखी कोणत्या रूपांत येते

काही सॉफ्टवेअर टक्केवाऱ्यांची आधीच बेरीज-वजाबाकी करतात. आजींचं लोडिंग १०० टक्के, सवलत १० टक्के, म्हणून ९० टक्के वाढ: ८,००० चे १५,२००. नवऱ्याचे २५ वजा १०, म्हणजे १५ टक्के वाढ: ९,२००. बायकोचे ७,२००, मुलीचे ३,६००. एकूण ३५,२००. हा आकडा वर येऊन गेला आहे. सवलत फक्त मूळ हप्त्यावर दिली तेव्हाही निव्वळ हप्ता एवढाच आला होता. टक्केवाऱ्यांची थेट वजाबाकी करणं आणि लोडिंगवर सवलत नाकारणं या एकाच चुकीच्या दोन मांडणी आहेत. कोटेशनवर सवलतीची वेगळी ओळ नसेल, प्रत्येकापुढे ‘निव्वळ बदल’ अशी एकच टक्केवारी असेल, तर हेच झालंय का ते पाहा.

सर्वात मोठा फटका बसतो तो सर्वात वयस्कर माणसाचं लोडिंग सगळ्यांना लावल्यावर. २८,००० ची दुप्पट ५६,०००, त्यातून १० टक्के गेले की ५०,४००, करासह ५९,४७२. योग्य रकमेपेक्षा १९,११६ रुपये जास्त, आणि सतरा वर्षांच्या मुलीलाही आजींच्या वयाचा दर! ही चूक ओळखायला भागाकार पुरतो: एकूण लोडिंगला एकूण मूळ हप्त्याने भागलं आणि दरपत्रकातल्या एखाद्या टप्प्याचीच टक्केवारी आली, तर ते सगळ्यांवर चढवलं आहे. आपल्या हिशोबात १०,००० भागिले २८,००० म्हणजे ३५.७ टक्के येतात, आणि असा टप्पा दरपत्रकात नाही. वेगवेगळ्या वयांच्या कुटुंबात असंच यायला हवं.

फ्लोटर पॉलिसीत गोष्ट वेगळी आहे. तिथे एकच विमा रक्कम सगळे वाटून घेतात आणि हप्ता बहुतेक योजनांत सर्वात मोठ्या सभासदाच्या वयावरच ठरतो. म्हणून कोटेशन फ्लोटरचं आहे की प्रत्येकाला वेगळी विमा रक्कम आहे, हे आधी पाहा. फ्लोटरला ही हरकत लागू नाही. आजींना फ्लोटरबाहेर ठेवून त्यांची वेगळी पॉलिसी घेतली तर किती पडेल, ते कोटेशन मात्र जरूर मागवा.

स्वतः घेतलेल्या पॉलिसीत ‘वयाचं लोडिंग’ अशी वेगळी ओळ दिसली तर थांबा. तिथे दरतक्ताच वयानुसार असतो, ६८ व्या वर्षाचा दर छापतानाच वय त्यात धरलेलं असतं. वेगळं लोडिंग येतं ते सहसा रक्तदाब, मधुमेह अशा आजारांसाठी, वैद्यकीय तपासणीनंतर, आणि त्यासाठी कंपनी तुमची संमती मागते. वयासाठी दुसऱ्यांदा टक्केवारी लागली असेल तर कंपनीकडून लेखी कारण मागा.

वय आणि आजार अशी दोन्ही लोडिंग असतील, तर दुसरं लोडिंग पहिल्यावर चढलं आहे का तेही पाहावं लागतं. आजींना मधुमेहासाठी आणखी २० टक्के लागले, तर मूळ दरावर ते १,६०० होतात आणि लोडिंगसह दरावर ३,२००. यातलं बरोबर कोणतं ते पुन्हा दरपत्रकच सांगणार.

रुपयांतली मर्यादा असेल तिथे मात्र क्रम खरोखरच पैसे बदलतो. सवलत कमाल ३,००० असेल आणि ती करापूर्वी वजा केली, तर ३५,००० वर कर लागून ४१,३०० होतात. कर लावून मग वजा केली तर ४१,८४०. हे ५४० रुपये म्हणजे सवलतीवरचाच कर.

लिहून मागा, पण मुदत सोडू नका

फोनवर ‘सिस्टममध्ये असंच येतं’ एवढंच उत्तर मिळतं. म्हणून मेल करा, गट योजनेत संघटनेच्या समन्वयकाला आणि विमा कंपनीला एकाच वेळी. कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या टीपीए संस्थेला लिहून उपयोग नाही, त्यांचं काम दाव्यांपुरतं असतं. मजकूर थोडा आणि आकड्यांचा ठेवा:

‘कोटेशन क्रमांक अमुक. दरपत्रकानुसार कुटुंब सवलत लोडिंगसह हप्त्यावर, म्हणजे ३८,००० वर १० टक्के, ३,८०० हवी. कोटेशनमध्ये ती २८,००० वर, २,८०० धरली आहे. जीएसटी सवलतीनंतरच्या ३४,२०० वर ६,१५६ हवा, तो ३८,००० वर ६,८४० काढला आहे. योग्य रक्कम ४०,३५६ होते. कृपया सभासदनिहाय हिशोबासह सुधारित कोटेशन द्यावं, किंवा हिशोब बरोबर असल्यास त्याला आधार असलेलं दरपत्रकातलं कलम कळवावं.’

शेवटचं वाक्य गाळू नका. तुम्हाला मिळालेलं दरपत्रक जुनं असू शकतं, आणि मग समोरच्याला नेमकं कलम दाखवावंच लागतं.

उत्तर येईपर्यंत नोंदणीची किंवा नूतनीकरणाची शेवटची तारीख जवळ आली, तर माझा सल्ला असा: मागितलेली रक्कम भरा आणि ‘१,६८४ रुपयांबाबत हरकत कायम ठेवून भरत आहोत’ असं मेलवर लिहून ठेवा. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे हप्ता पोचल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही. हप्ता चुकून खंड पडला तर आधीपासूनच्या आजारांवर दावा करता येण्याआधी काढावा लागणारा, आणि तुम्ही काढलेला, प्रतीक्षा काळ वाया जाऊ शकतो. जादा भरलेले पैसे परत मागता येतात, गेलेला प्रतीक्षा काळ परत मिळवणं फार अवघड.

चूक तुमच्या फायद्याची निघाली तरी कळवा, विशेषतः ती वयाची असेल तर. प्रस्ताव अर्जात आजी ६८ ऐवजी ५८ वर्षांच्या नोंदल्या गेल्या असतील, तर ती तफावत रुग्णालयात दाव्याच्या वेळी पुढे येते, आणि तेव्हा घरच्यांच्या डोक्याला आधीच पुरेशी काळजी असते.

एजंट कधी कधी ‘फरक मी माझ्या कमिशनमधून देतो’ म्हणतो. ते घेऊ नका. विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार अशी सूट देणं आणि घेणं दोन्ही बेकायदा आहे, दंड दहा लाखांपर्यंत होऊ शकतो. शिवाय कोटेशन चुकीचंच राहतं आणि पुढच्या वर्षी तोच हिशोब पुन्हा येतो.

कंपनीने दाद दिली नाही तर तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. त्यानंतर विमा नियामक आयआरडीएआयचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल आहे, फोन क्रमांक १५५२५५. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. हप्त्याच्या रकमेबाबतचा वाद त्यांच्या कक्षेत येतो, गट विम्यातलाही. फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या उत्तरापासून एका वर्षाच्या आत जायला हवं. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्याला लोकपालांची कार्यालयं आहेत. तक्रारीला दरपत्रकाचं पान, मूळ कोटेशन, पैसे भरल्याची पावती, मेल आणि वरच्यासारखा सभासदनिहाय तक्ता जोडायचा.

सुधारित कोटेशन आलं की तेही याच तक्त्यात घालून पाहा. सवलत दुरुस्त केली आणि कर जुन्याच रकमेवर ठेवला, असं होऊ शकतं. मग एकूण ४०,३५६ ऐवजी ४१,०४० येतं. आधीपेक्षा हजार रुपये कमी दिसतात म्हणून ते बरोबर वाटतं, पण ६८४ रुपये अजून त्यातच असतात.